पाचवा हप्ता: ३,२७,७५० पैकी ५७,६६० का अडवले

माझी मावसबहीण बेळगावात हायस्कुलात शिकवते. नवरा पुण्यात नोकरीला, त्यामुळे खानापूर रस्त्याकडच्या प्लॉटवर चाललेलं बांधकाम तीच एकटी बघत होती. मी पंचवीस वर्षं साइटवर मोजमापांची वही सांभाळली आहे, म्हणून जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला. "दादा, मी कंत्राटदाराला मेसेज टाकलाय, आता तो फोनच उचलत नाही."

मेसेज मी मागून घेतला. रात्री पावणेबाराला पाठवलेला. 'तुमचं काम एकदम थर्ड क्लास आहे, दोन महिने उशीर केलात, आता एक पैसा देणार नाही, कोर्टात भेटू.' त्याखाली एकवीस फोटो, पण कुठल्या खोलीतला कुठला, ते एकावरही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कंत्राटदाराने दोन्ही गवंडी उचलून दुसऱ्या साइटवर नेले. जाताना वॉचमनला सांगून गेला, "बाईंनी पैसे बंद केल्यात, मग माणसांना मी कशातनं देऊ?"

तिचा राग खोटा नव्हता. पण त्या मेसेजनंतर चूक कुणाची हा प्रश्न बाजूलाच पडला, आणि 'बाई पैसे देत नाहीत' एवढंच कंत्राटदाराच्या हाती लागलं. म्हणून मी आधी करार मागवला.

करार ई-स्टॅम्पवर, कानडीत, चार पानी. तळमजला ११५० चौरस फूट, सामानासकट १९०० रुपये दराने एकूण २१,८५,००० रुपये. चार हप्त्यांत ७५ टक्के, म्हणजे १६,३८,७५० रुपये देऊन झालेले. पाचवा हप्ता १५ टक्क्यांचा, ३,२७,७५० रुपये: 'आतलं-बाहेरचं प्लास्टर, फरशी व बाथरूमच्या टाइल्स पूर्ण झाल्यावर', तारीख १५ एप्रिल. शेवटचे १० टक्के घराचा ताबा देताना, ३१ मेला. ताब्याला उशीर झाला तर आठवड्याला ३००० रुपये कापायचे, असंही एक कलम होतं.

हे कलम बहिणीने पाठ केलं होतं. तिचा हिशेब असा की १५ एप्रिलपासून साडेआठ आठवडे झाले, म्हणजे २५,००० च्या वर आत्ताच कापून घ्यायचे. पण कलमात 'ताबा' हा शब्द आहे, 'प्लास्टर' नाही. पाचव्या हप्त्याच्या तारखेला दंड लावलेलाच नव्हता, त्यामुळे या हप्त्यातून उशिराचा एक रुपयाही कापता येत नव्हता. हे तिला पटवायला मला दोन चहा लागले.

मग घर बघायला गेलो. तिच्या वहीत ३१ तक्रारी होत्या. दाराच्या कडीला लागलेल्या सिमेंटपासून खिडकीच्या कट्ट्यावरच्या बोटांच्या ठशापर्यंत सगळं एका रांगेत. यातल्या सत्तावीस गोष्टी ताब्याच्या आधी अर्ध्या दिवसात निघतात. त्या मी वेगळ्या पानावर लिहून बाजूला ठेवल्या. चार गोष्टी मात्र पाचव्या हप्त्याच्या होत्या, आणि पैसे अडवायचे तर त्यांच्याच जोरावर.

पहिली हॉलमधली. बीमच्या खाली बरोबर आडवी, दोरी धरल्यासारखी भेग. प्लास्टरवर जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात त्या वेगळ्या. पाणी कमी मारलं किंवा माल जास्त सिमेंटचा झाला की त्या दिसतात आणि पुट्टीत झाकल्या जातात. ही सरळ रेघेतली भेग काँक्रीट आणि वीट जिथे भेटतात तिथली. दोन्ही वस्तू उन्हापावसात वेगवेगळ्या हलतात. शिवाय बीमची बाजू प्लायवुडमुळे काचेसारखी गुळगुळीत असते. तिला टाचे मारून खरबरीत करावं लागतं आणि जोडावर जाळी ठोकावी लागते, तरच प्लास्टर धरतं. इथे दोन्ही झालं नव्हतं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेलो. चांगल्या जागी आवाज 'टण्' असा येतो, पोकळ जागी 'बद्' येतो. 'बद्' वाजेल तिथे बहिणीने खडूने रेघ ओढली. रेघांच्या आतला भाग मोजला तर ६४ चौरस फूट.

दुसरी गोष्ट बाथरूमची. बघायला ते घरातलं सगळ्यांत देखणं काम, टाइल्सचे सांधे एका रेषेत. बादलीभर पाणी ओतलं आणि अर्धा तास बाहेर बसलो. आत गेलो तर नहाणी ट्रॅप कोरडा, आणि दाराकडच्या कोपऱ्यात आठ मिलिमीटर पाणी उभं. ढाळ उलटा. बाथरूमला शंभराला एक तरी ढाळ लागतो, म्हणजे सात फुटांत साधारण दोन सेंटिमीटर. इथे गवंड्याने टाइल्स दारापासून लावत नेल्या होत्या आणि शेवटची रांग ट्रॅपजवळ चढवली होती. यावर वरवरचा इलाज नाही. टाइल्स काढाव्या लागतात, आणि काढताना खालचं वॉटरप्रूफिंग फाटणारच असं धरून तेही नव्याने करावं लागतं. ३८ चौरस फूट.

तिसरी, हॉलची फरशी. दोन बाय दोनच्या ६३ टाइल्स, त्यातल्या १७ ठोकल्यावर पोकळ. बहुतेक कोपऱ्यांना. याचं कारण बहुतेक गवंड्यांना ठाऊक असतं: टाइलखाली माल सगळीकडे पसरायच्या ऐवजी मध्ये एक गोळा ठेवून दाबलं की काम लवकर उरकतं. मग कोपऱ्याखाली हवाच राहते. कपाटाचा पाय त्या कोपऱ्यावर आला की टाइल तुटते.

चौथी गोष्ट खराब नव्हती, झालेलीच नव्हती. घराची पश्चिमेकडची बाहेरची भिंत, ३० फूट बाय साडेदहा, ३१५ चौरस फूट, नुसत्या विटांची उघडी. बेळगावातला पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही.

चारही गोष्टींचा खर्च आम्ही कंत्राटदाराच्या तोंडून काढला नाही आणि अंदाजानेही लिहिला नाही. शहापूरकडच्या दोन गवंड्यांना घर दाखवून त्यांचे दर घेतले आणि कमी असलेला धरला. हॉलचं प्लास्टर काढून जाळीसकट पुन्हा: ६४ ला ९० रुपये दराने ५,७६०. बाथरूम: ३८ ला २६० ने ९,८८०. फरशी: १७ टाइल्स म्हणजे ६८ चौरस फूट, १५० ने १०,२००. एकूण दुरुस्ती २५,८४०. पश्चिमेची भिंत ३१५ ला ६० ने १८,९००.

आता किती अडवायचं? कराराचं अक्षर धरलं तर 'पूर्ण झाल्यावर' लिहिलंय, काम पूर्ण नाही, म्हणून अख्खा हप्ता देय झालाच नाही असं म्हणता येतं. वकिलाला हे आवडेल. पण ३,२७,७५० च्या हप्त्यात पावणेतीन लाखांच्या वर काम झालेलं होतं. त्याच्या टाइल्सचं, सिमेंटचं दुकानाचं बिल थकलं होतं. ते पैसेही दाबून ठेवले तर तो काम सोडतो, आणि अर्धवट घर हातात घ्यायला दुसरा कंत्राटदार दीडपट मागतो. म्हणून झालेल्या कामाचे पैसे सोडायचे, न झालेल्याचे त्या कामाच्या किमतीएवढे ठेवायचे आणि दुरुस्तीचे दीडपट ठेवायचे, असं ठरवलं. दीडपट एवढ्यासाठी, की नेमकी दुरुस्तीएवढीच रक्कम अडवली तर 'कापून घ्या नि विषय संपवा' म्हणणं त्याला परवडतं. २५,८४० चं दीडपट ३८,७६०, त्यात भिंतीचे १८,९००. अडवायचे ५७,६६०, द्यायचे २,७०,०९०.

उशिराचा हिशेब मात्र मी तिला प्रामाणिकपणे करायला लावला. १५ एप्रिल ते १४ जून, ६० दिवस. स्वयंपाकघराच्या टाइल्सचा रंग तिने बदलला, त्यात १२ दिवस गेले. वायरिंगवाला तिने स्वतः लावला होता, तो भिंती फोडत बसला तेव्हा प्लास्टर ८ दिवस थांबलं. ते २० दिवस तिचे. उरले ४०, त्यात मे महिन्यात सलग १८ दिवस साइटवर एकही माणूस नव्हता. रोजच्या फोटोंवर तारखा होत्या.

भाषेचा प्रश्न मध्येच निघाला. कंत्राटदार मराठी आपल्यासारखीच बोलतो, पण वाचायला त्याला कानडी सोपी. रागाचा मेसेज त्याने मुलाकडून वाचून घेतला होता, आणि मुलाने काय वाचलं देव जाणे. म्हणून मराठी मजकुराखाली तोच कानडीत लिहिला. बहिणीच्या शाळेतल्या कानडीच्या बाईंनी तो करून दिला. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला आणि सही करून स्पीड पोस्टानेही पाठवला. मराठी मजकूर असा:

"नमस्कार अण्णा. परवा रात्री मी रागात मेसेज टाकला, त्यातली भाषा मागे घेते. कामाबद्दलचं म्हणणं मात्र तसंच आहे, ते खाली नीट लिहिते.

पाचवा हप्ता ३,२७,७५० रुपये. त्यातले २,७०,०९० रुपये आज तुमच्या खात्यावर पाठवले. ५७,६६० रुपये पुढच्या चार कामांसाठी थांबवले आहेत. ही कामं होतील तसतसे त्या-त्या कामाचे पैसे दोन दिवसांत देईन, सगळी होईपर्यंत थांबवणार नाही.

हॉलच्या बीमखालचं ६४ चौरस फूट प्लास्टर पोकळ आहे, खडूने खूण केली आहे. काढून, बीमला टाचे मारून, जाळी लावून पुन्हा करावं. ८,६४० रुपये. बाथरूमचा ढाळ उलटा आहे, पाणी दाराकडे साचतं. टाइल्स काढून वॉटरप्रूफिंगसह पुन्हा करावं, आणि टाइल्स लावायच्या आधी ४८ तास पाणी भरून मला दाखवावं. १४,८२० रुपये. हॉलच्या १७ टाइल्स पोकळ आहेत, त्यांच्यावर नंबर टाकले आहेत. बदलायच्या आधी त्याच बॅचचे बॉक्स मिळतात का ते बघून मला सांगावं, तोवर फोडू नये. १५,३०० रुपये. पश्चिमेच्या भिंतीचं बाहेरचं प्लास्टर बाकी आहे. १८,९०० रुपये.

आतली तीन कामं ५ जुलैपर्यंत आणि भिंत २५ जूनपर्यंत व्हावी. यातलं काही तुम्हाला मान्य नसेल तर येत्या रविवारी सकाळी दहाला साइटवर या, आपण दोघं मिळून ठोकून आणि पाणी ओतून बघू.

उशिराबद्दल: ६० दिवसांपैकी २० माझ्यामुळे गेले, ते मी मान्य करते. या हप्त्यातून उशिराचे पैसे कापलेले नाहीत. पण उशिरा झालेलं काम मी घेत आहे म्हणून भरपाईचा हक्क सोडला, असं समजू नये. त्याचा हिशेब करारातल्या कलमाप्रमाणे ताब्याच्या वेळी करू."

शेवटचा परिच्छेद बहिणीला कोरडा वाटला, काढू का म्हणाली. तोच मी हट्टाने ठेवला. भारतीय करार कायदा, १८७२, कलम ५५: वेळ हा कराराचा गाभा असेल, समोरच्याने ती पाळली नसेल आणि तरी तुम्ही उशिराचं काम स्वीकारलंत, तर त्या उशिराची भरपाई मागता येत नाही, स्वीकारतानाच तशी सूचना दिली असेल तरच येते. आपल्याकडे लोक काम घेतात, पैसे देतात, वास्तुशांत करतात आणि मग सहा महिन्यांनी दंड मागतात. ठरलेल्या दंडाचंही तसंच. कलम ७४ प्रमाणे लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा, त्यात वाजवी असेल तेवढंच मिळतं. म्हणून तिला घरभाड्याच्या पावत्या जपायला सांगितलं. महिना ९००० होतं.

मेसेजमध्ये एक गोष्ट मुद्दाम नव्हती. कोर्टाचं किंवा ग्राहक आयोगाचं नाव. बेळगावात जिल्हा ग्राहक आयोग आहे, घरबांधणी ही त्या कायद्यात सेवा धरली जाते आणि दोन वर्षांची मुदत असते. ती वाट उघडीच होती. पण ज्या माणसाने परत येऊन फरशी बसवायची आहे त्याला पहिल्याच कागदात ती दाखवायचं कारण नव्हतं.

पैसे खात्यावर पडल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "बाई, प्लास्टरचं होय की, करून देतो. फरशीचंही बघतो. पण बाथरूमचं मान्य नाही वो, आमचा गवंडी तीस वर्षं हेच करतोय." रविवारी आला. बादली त्याच्याच हाताने ओतायला दिली. पाणी दाराकडे निघालं तेव्हा तो काही बोलला नाही, चप्पल काढून कोपऱ्यात उभा राहिला आणि पायाला लागलेलं पाणी बघत राहिला. मग गवंड्याला कानडीत जे काही बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

प्लास्टर आणि बाथरूम ५ जुलैच्या आत झालं. ४८ तासांच्या पाण्याच्या वेळी ट्रॅपच्या कडेला ओल दिसली, पुन्हा एक थर मारावा लागला, पण टाइल्स लावायच्या आधी कळलं. दोन्हीचे पैसे त्याच आठवड्यात गेले. फरशीत अडचण आली. त्याच बॅचचे तीनच बॉक्स मिळाले, एका बॉक्सात चार टाइल्स. बारातली एक कापताना फुटली. म्हणजे ११ बदलल्या, उरलेल्या ६ टाइल्सना भोक पाडून खाली ग्राउट सोडलं. हा इलाज अर्धाच असतो, पोकळी किती भरली ते वरून कळत नाही. म्हणून त्या ६ टाइल्सचे ३,६०० रुपये कायमचे कापायचं दोघांनी मान्य करून वहीत सह्या केल्या, आणि १५,३०० पैकी ११,७०० दिले.

ताबा ९ ऑगस्टला मिळाला, ३१ मेपासून बरोबर दहा आठवडे. बहिणीचे २० दिवस म्हणून तीन आठवडे सोडले, सात उरले, कलमाप्रमाणे २१,०००. त्याने जुलैचा पाऊस पुढे केला. तिने भाड्याच्या पावत्या मांडल्या, सात आठवड्यांचं भाडं साडेचौदा हजारांच्या आसपास बसत होतं. १५,००० वर तोडलं आणि ते शेवटच्या हप्त्यातून गेले.

राहिली भिंत, आणि तिथली चूक माझी. १४ जूनला बसून मी '२५ जूनपर्यंत' लिहिलं, तेही बेळगावच्या जूनमध्ये, पश्चिमेच्या भिंतीसाठी. पाऊस लागला तो लागलाच. मेसेजमध्ये 'तोवर भिंत ताडपत्रीने झाकावी' ही एक ओळ हवी होती, ती नव्हती. जुलैत आतल्या बेडरूमच्या भिंतीला ओल आली, पुट्टीला फोड आले. तो म्हणाला, झाकायचं कुणी लिहिलं नव्हतं. बहीण म्हणाली, एप्रिलमध्ये भिंत केली असती तर झाकायला लागलंच नसतं. दोघांचंही खरं होतं. पुट्टीचा खर्च ६,००० आला, तो निम्मानिम्मा केला.

बाहेरचं प्लास्टर दिवाळी झाल्यावर, भिंत पुरती वाळल्यावर झालं. तिचे १८,९०० तोवर बहिणीकडेच होते. त्याचे ३,००० त्यातून वळते करून १५,९०० तिने त्याच संध्याकाळी पाठवले.